टिपणवहीतले एक वाक्य

मुलांच्या मानसोपचाराविषयी लोकांचे कुतूहल बहुधा खेळण्यांच्या कपाटापाशीच थांबते. बंद दारामागे आम्ही मुलांशी काय खेळतो, काय बोलतो, हे सारे विचारतात. सत्र संपल्यावर वहीत काय लिहितो, हे फारसे कोणी विचारीत नाही. वास्तविक 45 मिनिटांच्या सत्रापेक्षा त्यानंतरची दहा मिनिटे आम्हांस अधिक जड जातात. त्या दहा मिनिटांत प्रगतीचे टिपण लिहावयाचे असते. पुढच्या वेळी नेमके कोठून आरंभ करावा, हे त्यावरून कळले पाहिजे. आणि ज्या घराने विश्वासाने दार उघडले, त्याची अब्रूही त्यात राहिली पाहिजे.

इंदूरसारख्या गावी ही दुसरी गोष्ट विशेष कठीण. होळकरांच्या काळापासून येथे नांदणारी मराठी कुटुंबे एकमेकांस पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. नाव गाळून नुसते ‘रामबागेतला जुना वाडा, वडिलांचे कापडाचे दुकान, आजोबा निवृत्त शिक्षक’ एवढे लिहिले, तरी वाचणारा ‘अरे, हे तर अमक्यांचे घर!’ म्हणून मोकळा होतो. म्हणून पुढील उदाहरणातील तपशीलही आम्ही अनेक मुलांच्या अनुभवांतून जुळविले आहेत. त्यावरून कोणतेही एक घर ओळखता येऊ नये, अशी काळजी घेतली आहे.

सहा वर्षांची एक मुलगी. तिला आपण सई म्हणू. घरी ही पोपटासारखी बोले, शाळेत मात्र वर्ष झाले तरी तोंडातून अक्षर नाही. हा हट्ट नव्हे. ह्यास निवडक मौन म्हणतात, आणि आज त्याची गणना चिंतेच्या विकारांत होते. मुलाला बोलावयाचे असते, पण भीतीने गळा जणू मिटतो. त्यावरचा एक उपाय असा, की आईने मुलीशी खोलीत खेळत बोलावे आणि उपचारकाने बाहेरून पायरीपायरीने जवळ यावे. प्रत्येक पायरीवर मुलीचा आवाज टिकला, तरच पुढचे पाऊल टाकावयाचे.

त्या दिवसाच्या सत्रात दार बंद असता सई आईशी बारा वाक्ये बोलली. दार उघडून आम्ही व्हरांड्यात बसलो, तेव्हा सात. उंबरठ्यावर आलो, तेव्हा तीन, तीही कुजबुजत. टेबलापाशी बसताच नुसती मान हलू लागली. हे आकडे लिहिण्यात अडचण नव्हती. अडचण आली ती सत्र संपल्यावर. मुलगी चपला घालीत असता आई हलक्या आवाजात म्हणाली, “ह्यांचं दुकान बसलंय हो. देणेकरी दाराशी येतात. दिरांनी सईला सांगून ठेवलंय, कोणी आलं तर काही बोलायचं नाही, आत निघून यायचं. हे तुम्ही लिहिणार का?”

“लिहू, ताई; पण सईच्या उपयोगाचं तेवढंच, आणि तुम्हांला वाचून दाखवून,” आम्ही म्हणालो.

आता विचार करा. हे सारे गाळले, तर टिपण निर्मळ दिसेल, पण आंधळे होईल. महिन्याभराने आमच्या जागी दुसरे कोणी आले आणि सईचा आवाज पुन्हा बसला, तर ती व्यक्ती पद्धत फसली असे समजून ती बदलील. घरात परक्यांपुढे गप्प राहण्याची शिकवण चालू आहे, हे तिला ठाऊकच नसेल. उलट सारेच लिहिले, तर कर्ज, देणेकरी, दीर हे सर्व फाईलीत जाईल. आणि फाईल एका जागी राहत नाही. ती बालरोगतज्ज्ञ पाहतात, कधी शाळा मागते, आईबापांत तंटा झाला तर न्यायालयही मागवू शकते.

अशा वेळी आम्ही प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारतो : ह्यामुळे मुलासाठी पुढच्या वेळी काही वेगळे करावे लागेल काय? दुकान का बसले, देणे किती, ह्यांनी सईच्या उपचारात तिळमात्र फरक पडत नाही. तिला काय सांगितले गेले, ह्याने मात्र पडतो. म्हणजे मुलावरचा परिणाम ठेवावयाचा आणि त्यामागची घरची कहाणी सोडावयाची.

टिपणाचे चार भाग करण्याची पद्धत अमेरिकेतील डॉक्टर लॉरेन्स वीड ह्यांनी 1960च्या दशकात रूढ केली : सांगितलेले, पाहिलेले, अनुमान आणि पुढील बेत. तिचा मोठा गुण हा, की ऐकीव गोष्ट आणि डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट एकमेकींत मिसळत नाहीत. सईचे टिपण असे झाले :

“आईचे सांगणे : शेजारच्या मुलीशी अंगणात दोनदा बोलली; शाळेत अद्याप मौन. अनोळखी माणसांपुढे बोलू नये, अशी सूचना तिला काही महिन्यांपासून घरी दिली जाते.

पाहिलेले : आईशी दार बंद असता 12 वाक्ये, उपचारक व्हरांड्यात असता 7, उंबरठ्यावर 3, कुजबुजत, टेबलापाशी केवळ मानेने होकार-नकार.

अनुमान : आजची मर्यादा उंबरठा. घरच्या सूचनेने संकोच वाढणे संभवते. मौन मात्र त्यापूर्वीचे आहे.

पुढील बेत : पुढचे सत्र व्हरांड्यापासून. दार मोठ्यांनीच उघडावे, सईवर ते काम नसावे. सूचना मागे घेतल्याचे तिला स्पष्ट सांगावे.”

‘मौन त्यापूर्वीचे आहे’ हे शब्द नीट पाहावेत. ते नसते, तर वाचणाऱ्याने सारा दोष घरावर ठेवला असता, आणि ते खरेही नव्हते. कोणी सूचना दिली, हेही लिहिलेले नाही. ती कोणी मागे घ्यावी, हे आईला तोंडी सांगणे पुरेसे होते. सूचनेविषयीचे वाक्य वाचून दाखविले, तेव्हा ती दोन क्षण थांबून म्हणाली, “एवढंच? मग असू द्या.”

शाळेने माहिती मागितली, तेव्हा हे टिपण गेले नाही. आईच्या संमतीने तीन ओळींचे वेगळे पत्र गेले : सईला वर्गात उभे करून बोलावयास लावू नये, हजेरीला हात वर केलेला चालावा, आणि कुजबुजली तर सर्वांदेखत कौतुक करू नये. शिक्षिकेला त्याहून अधिक जाणण्याचे कारण नव्हते.

कायद्याची चौकटही ध्यानात ठेवावी लागते. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार घेणाऱ्यास गुप्ततेचा हक्क दिला आहे, तसाच स्वतःच्या नोंदी पाहण्याचाही. म्हणून प्रत्येक वाक्य घरचे लोक उद्या वाचतील, असे धरूनच लिहावे. ‘आई बेफिकीर’ असा शेरा कोणाच्याच उपयोगाचा नसतो; ‘आई ह्या महिन्यात दोन सत्रांस येऊ शकली नाही’ हे मात्र उपयोगाचे असते. वेगळी खासगी वही ठेवून मन मोकळे करावे, ही पळवाटही खरी नव्हे. न्यायालय तीही मागू शकते.

एके ठिकाणी मात्र ही सारी काटकसर संपते. मुलाच्या बोलण्यातून त्याच्यावर अत्याचार होत असल्याची शंका आली, तर त्याचे शब्द जसेच्या तसे, त्याच्याच बोलीत, तारीख-वेळेसह उतरवावे लागतात. आम्ही विचारलेला प्रश्नही लिहावा लागतो, म्हणजे उत्तर पढविलेले नाही हे दिसते. लैंगिक अत्याचाराची शंका असेल, तर 2012च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. तेथे घराची अब्रू मुलाच्या सुरक्षिततेपुढे मागे सरते, आणि हे आम्ही पालकांना पहिल्याच भेटीत सांगून ठेवतो.

सई पुढल्या सत्रात व्हरांड्यातून नऊ वाक्ये ऐकू आली. आम्ही आकडा लिहिला. दुकानाचे पुढे काय झाले, हे आईने सांगितले. ते वहीत नाही.