आभाराच्या पत्रातला एक शब्द

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या पुण्यातल्या सोसायटीत लिफ्टशेजारी पहिल्यांदाच एक पत्र लागलं. घरकाम आणि स्वयंपाक करणाऱ्या सगळ्यांचे आभार आणि खाली ‘सोसायटीतर्फे प्रत्येकीला दिवाळी बोनस’. व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस पडला. मलाही बरं वाटलं होतं.

हिशोब असा होता : ८० फ्लॅट, प्रत्येकी ५०० रुपये, एकूण ४०,०००. गेटवरच्या रजिस्टरमध्ये ३२ नावं. म्हणजे प्रत्येकीला १,२५०.

आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशी याच सोसायटीत चार घरं करतात. प्रत्येक घराचे महिन्याला ३,०००. दिवाळीला एका महिन्याचा पगार बोनस, ही इथली जुनी रीत. त्यामुळे आधीच्या वर्षी त्यांना चार घरांचे मिळून १२,००० मिळाले होते. गेल्या वर्षी मात्र तीन घरांनी सांगितलं, “सोसायटीने दिला ना बोनस?” आमचे ३,००० आणि सोसायटीचे १,२५० मिळून हातात आले ४,२५०. शिवाय सोनपापडीचे तीन डबे.

कुणी मुद्दाम फसवलं नव्हतं. घोळ ‘बोनस’ या शब्दाने केला. ५०० रुपये भरलेल्या माणसाला वाटलं, आपला बोनस देऊन झाला. मावशी म्हणाल्या, “दादा, कागदावर लिहून आल्यावर मी काय बोलणार?” तोंडी रीत होती तोवर त्या हक्काने आठवण करून द्यायच्या. छापील पत्रापुढे तो हक्कच संपला.

मागायला दुसरी जागाही नाही. कंपन्यांसाठीच्या कायद्यात किमान बोनस वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे जवळपास बारावा भाग, एक महिन्याचा पगार. पण तो कायदा निदान वीस कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो, तुमच्या-माझ्या घराला नाही. घरकामगारांसाठी २००८ चा राज्याचा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण घरमालकाने बोनस द्यावा असं बंधन त्यात नाही. त्यांच्या बाजूने आहे ती फक्त रीत, आणि रीत सगळ्यांनी पाळली तरच टिकते.

या वर्षी पत्राचा मसुदा ग्रुपवर आला तेव्हा मी दोन बदल सुचवले. ‘बोनस’ऐवजी ‘सोसायटीची भेट’ आणि खाली एक ओळ : ‘प्रत्येक घराने द्यायचा एक महिन्याचा बोनस याव्यतिरिक्त असून तो वसुबारसेच्या आधी द्यावा.’ म्हणजे खरेदी पैसे हातात असताना होते, उसनवारीवर नाही. एका काकांनी लिहिलं, “सोसायटी कुणाला सक्ती कशी करणार?” खरंय. सेक्रेटरींनी ‘द्यावा’च्या आधी ‘रीतीप्रमाणे’ घातलं आणि पत्र लागलं, या वेळी मराठीतही.

त्या तीन घरांपैकी दोघांनी महिन्याचा पगार दिला. तिसऱ्या घराने पुन्हा सोनपापडी दिली. मावशींच्या हातात १०,२५० आले.