मर्यादा कुठल्या बाजूला झुकते?

सामाजिक आरोग्यशास्त्राच्या प्रबंधांची व्हायवा घ्यायला लागून मला बरीच वर्षं झाली. टेबलाच्या अलीकडे गाइड म्हणून बसले, पलीकडे एक्स्टर्नल म्हणूनही बसले. ‘मर्यादा’ या प्रकरणातली वाक्यं आता मला पाठ आहेत. नमुना लहान होता, वेळ अपुरा होता, अभ्यास एकाच तालुक्यात झाला. तीन वाक्यं लिहायची आणि संदर्भसूचीकडे वळायचं. देवळात शिरताना चपला काढाव्यात तसं हे प्रकरण उरकलं जातं. परीक्षक मात्र नेमका तिथेच थांबतो.

माझ्याकडे एमपीएच करणाऱ्या एका मुलीची तयारी सांगते. ओळख राहू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे जरा सरळ केले आहेत. विषय होता शाळेत जाणाऱ्या 15 ते 19 वयाच्या मुलींमधला रक्तक्षय. आठ शाळा, प्रत्येकीतून पन्नास मुली, एकूण चारशे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन छोट्या मशीनवर हिमोग्लोबिन मोजलं. 12 ग्रॅमपेक्षा कमी भरलं तर रक्तक्षय. अशा 232 मुली निघाल्या, म्हणजे 58 टक्के.

व्हायवाच्या तीन आठवडे आधी ती चाळीस पानांचा सारांश घेऊन आली. मी म्हटलं, “दोन पानं आण. एका बाजूला परीक्षक काय विचारेल ते, दुसऱ्या बाजूला तुझं उत्तर आणि प्रबंधातला पान नंबर.”

पहिला प्रश्न ठरलेलाच असतो: चारशे कुठून आले? तिने आमच्या विषयात सगळे वापरतात तेच सूत्र वापरलं होतं, n = 4pq/L². यात p म्हणजे आधीपासून माहीत असलेलं प्रमाण, q म्हणजे शंभरातून ते वजा करून उरलेलं आणि L म्हणजे चालण्याजोगी चूक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमध्ये रक्तक्षय 54 टक्के होता. तो p धरला, चूक 5 धरली, उत्तर 397 आलं, तिने चारशे केले. मी विचारलं, “तुझ्या मुली 15 ते 19च्या, मग p सगळ्या बायकांचा कसा?” ती गडबडली. “मॅडम, मग आता सगळं चुकलं का?”

चुकलं नव्हतं, पण का चुकलं नाही हे तिला माहीत हवं होतं. त्याच सर्वेक्षणात देशभरातल्या 15 ते 19च्या मुलींचा आकडा 59 आहे. तो घातला तर उत्तर 387 येतं. p बरोबर पन्नास धरला तर 400. पन्नाशीच्या आसपास p इकडेतिकडे झाला तरी pq फारसा हलत नाही आणि पन्नासवर तो सर्वांत मोठा असतो. म्हणजे चूक 5 धरली की p काहीही असो, या सूत्रातून चारशेपेक्षा मोठा आकडा निघूच शकत नाही. हे उत्तर तिच्या पानावर दोन ओळींत बसलं. परीक्षक पुढे हमखास विचारतो की 5 ही चूक सरळ पाच टक्क्यांची की p च्या पाच टक्के? तिची सरळ पाच होती, म्हणजे 54च्या खाली-वर पाच. पुष्कळ मुलं इथे घसरतात, कारण सूत्र सीनियरच्या प्रबंधातून उतरवलेलं असतं.

खरी अडचण पुढे होती. हे सूत्र गृहीत धरतं की चारशे मुली एकेक करून, सुट्या निवडल्या. तिने मात्र आधी शाळा निवडल्या आणि मग मुली. एका शाळेतल्या मुलींचं गाव एक, बाजार एक, लोहाच्या गोळ्या वाटणाऱ्या बाईही एकच. त्या एकमेकींसारख्या असतात, त्यामुळे पन्नासावी मुलगी पहिलीइतकी नवी माहिती देत नाही. याची भरपाई म्हणून डिझाइन इफेक्ट धरतात, बहुतेक वेळा 2. तो धरायचा तर नमुना आठशेचा हवा होता. आता आठशे कुठून आणणार? पण आहे त्या चारशेंचं खरं वजन सांगता येतं. तिने लिहिलं होतं, 58 टक्के, विश्वासमर्यादा 53 ते 63. डिझाइन इफेक्ट 2 धरला की ती 51 ते 65 होते. पट्टा रुंदावतो, निष्कर्ष कोसळत नाही. हे परीक्षकाने काढायच्या आधी आपण काढलेलं बरं.

मग मर्यादा. तिचं पहिलं वाक्य होतं, “शाळाबाह्य मुलींचा समावेश नाही.” मी विचारलं, “त्याने तुझा 58 वर जातो की खाली?” मला हाच एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो. दिशा न सांगितलेली मर्यादा म्हणजे नुसती कबुली, आणि परीक्षक काही पाद्री नव्हे. शाळा सुटलेल्या मुली बहुधा जास्त गरीब घरच्या, काहींची लग्नंही झालेली. त्यांच्यात रक्तक्षय जास्त असण्याचा संभव आहे, म्हणजे समाजातल्या सगळ्या मुलींसाठी 58 हा आकडा कमी ठरेल.

दुसरी मर्यादा मोजणीची. थंडीच्या सकाळी बोटातून रक्त नीट येत नाही, मग बोट पिळलं जातं. पिळलं की पेशींभोवतालचं पाणी थेंबात मिसळतं, रक्त पातळ होतं आणि हिमोग्लोबिन कमी दिसतं. ही चूक उलट दिशेची, आकडा फुगवणारी.

ती पटकन म्हणाली, “मग दोन्ही एकमेकींना कापतील ना?” असं व्हायवात म्हणालीस तर मेलीस, मी म्हटलं. दिशा उलट्या आहेत एवढंच ठाऊक आहे, मापं समान आहेत हे कुणी सांगितलं?

निदान एकाचं माप काढता येईल का म्हणून तिची रजिस्टरं चाळली. एका शाळेत डॉक्टर आले होते त्या दिवशी चाळीस मुलींचं शिरेतलं रक्तही घेऊन प्रयोगशाळेत पाठवलं होतं. ती नोंद प्रबंधात नव्हतीच! जोड्या लावल्या तर बोटाचं माप सरासरी 0.3 ग्रॅमने कमी भरत होतं. म्हणजे मशीनवर 11.7, 11.8 किंवा 11.9 आलेल्या मुली कदाचित रक्तक्षयी नव्हत्याच. अशा 23 मुली होत्या. 232मधून त्या वजा केल्या तर 209 उरतात, म्हणजे 52 टक्के. एका शाळेवरून साऱ्यांना लावलेली ही ढोबळ दुरुस्ती आहे आणि तसंच ते सांगायचं असतं. पण ‘मोजणीत त्रुटी असू शकते’ या वाक्याच्या जागी आता ‘सुमारे सहा टक्क्यांनी फुगला असेल’ असं उत्तर तिच्या हातात होतं.

चहाचं प्रकरण चटकन मिटलं. जेवणासोबत चहा घेणाऱ्या मुलींत रक्तक्षय जास्त आढळला, आणि तिने ‘चहामुळे’ असं लिहिलं होतं. चहा अन्नातल्या लोहाचं शोषण कमी करतो हे खरं, पण एकदाच केलेल्या पाहणीत चहा आणि गरिबी वेगळी काढता येत नाहीत. पाहणीत घरच्या उत्पन्नाचा प्रश्नच नव्हता. ‘मुळे’ खोडून ‘सोबत’ केलं.

व्हायवाच्या दिवशी एक्स्टर्नलनी सूत्राबद्दल एक प्रश्न विचारला आणि सरळ मोजणीकडे आले. तिने 52चा हिशेब सांगितला. त्यांनी कागद मागून घेतला, स्वतः भागाकार केला आणि विचारलं, “हे प्रबंधात का नाही?” याचं उत्तर आमच्या दोन पानांत नव्हतं. ती खरं बोलली, “सर, रजिस्टर उशिरा उघडलं.”

तुमची व्हायवा येत्या काही महिन्यांत असेल तर दुबार मोजणीची, नकार दिलेल्यांची आणि त्या दिवशी गैरहजर असलेल्यांची कच्ची रजिस्टरं याच आठवड्यात उघडा. छापून बांधलेल्या प्रबंधात ती पानं मागाहून घालता येत नाहीत.