सेटिंग किती झाल्या, की सेटिंगला वेळ किती लागला?

अनेक वर्षं मी एक मत ठामपणे मांडत आलो. अ‍ॅक्टिव्हिटी-बेस्ड कॉस्टिंग करायचं असेल, तर घटना मोजा, वेळ मोजत बसू नका. किती सेटिंग झाल्या, किती खरेदी ऑर्डरी निघाल्या, किती तपासण्या झाल्या हे आकडे कारखान्याच्या संगणकात आयते मिळतात. त्यावर कुणी वाद घालत नाही आणि ते गोळा करायला खर्चही येत नाही. प्रत्येक कामाला किती तास लागले हे नोंदवायचं म्हटलं, की कामगार वैतागतात, सुपरवायझर अंदाजाने आकडे भरतात आणि सहा महिन्यांत सगळी पद्धतच गुंडाळून ठेवली जाते. या मताचा अर्धा भाग मला आजही पटतो. उरलेला अर्धा मी सोडला. तो का सोडला, ते इथे मांडतो.

घटनांची संख्या मोजून खर्च वाटला, तर त्या मोजमापाला ट्रान्झॅक्शन ड्रायव्हर म्हणतात, आणि त्या घटनेला लागलेला वेळ मोजून वाटला, तर ड्युरेशन ड्रायव्हर. पहिल्या पद्धतीत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. ती म्हणजे, प्रत्येक वेळी त्या कामाला साधारण सारखेच श्रम पडतात. ‘साधारण’ या शब्दावर मी फार काळ समाधान मानलं. त्यात किती फरक चालतो आणि कुठल्या प्रकारचा फरक चालत नाही, हे मी तपासलं नव्हतं.

ते तपासण्याची वेळ भोसरीतल्या एका मशीनिंगच्या कारखान्यात आली. आकडे सोपे करून सांगतो. सेटिंगवर, म्हणजे सेटर लोकांचे पगार, टूलची तयारी, पहिल्या नगाची तपासणी यांवर महिन्याला ३,६०,००० रुपये खर्च होत होता. महिन्यात १२० सेटिंग व्हायच्या, त्यामुळे आम्ही दर सेटिंगला ३,००० रुपये धरले होते. माल तीन प्रकारचा होता. सीएनसी लेथवर होणारे बुश, चकचे जॉ बदलून होणारे फ्लँज आणि व्हीएमसीवर होणारी कास्टिंगची हाउसिंग. महिन्याला बुशच्या ६० सेटिंग, फ्लँजच्या ४० आणि हाउसिंगच्या २०. या हिशेबाने सेटिंगचा निम्मा खर्च बुशवर पडत होता आणि हाउसिंगवर फक्त सहावा भाग.

त्या काळात दोन गोष्टी घडल्या. बुशच्या ग्राहकाने नगामागे ३ रुपये कमी करायला सांगितलं. आमच्या कागदावर बुशमध्ये नफाच २ रुपये दिसत होता, म्हणून मालकांनी नकार दिला आणि त्या ऑर्डरचा मोठा भाग दुसरीकडे गेला. हाउसिंगचं आमचं कोटेशन मात्र बाजारात स्वस्त ठरलं आणि त्याच्या ऑर्डरी वाढल्या. बुशच्या सेटिंग ६० वरून ४० वर आल्या, हाउसिंगच्या २० वरून २४ झाल्या. एकूण सेटिंग १२० वरून १०४ वर उतरल्या आणि तरीही सेटर लोकांचा ओव्हरटाइम सुरू झाला. काम मोजमापाने कमी झालं होतं आणि माणसं कमी पडत होती.

मी शॉपवर विचारायला गेलो, तेव्हा सर्वांत जुन्या सेटरने सरळ उत्तर दिलं. “साहेब, बुशची सेटिंग मी चहाच्या आधी लावतो. हाउसिंगची लावायला घेतली, तर दुसरा दिवस उजाडतो. तुम्ही दोन्हीला एकच धरता होय?”

मग आम्ही प्रत्येक प्रकारच्या काही सेटिंग वेळ लावून पाहिल्या. मागच्या बॅचचा शेवटचा चांगला नग निघाला तिथपासून नव्या बॅचचा पहिला नग तपासणीत पास होईपर्यंतचा वेळ धरला आणि त्यातून क्रेनसाठी किंवा मालासाठी थांबलेला वेळ वगळला. बुशला सरासरी दीड तास लागत होता. कोलेट तोच, टूल बहुतेक तीच, ऑफसेट घातले की काम सुरू. फ्लँजला तीन तास, कारण सॉफ्ट जॉ बदलून नव्याने बोअर करावे लागतात. हाउसिंगला साडेतेरा तास. फिक्स्चर चढवायचं, डायल लावून सरळ करायचं, प्रोग्रॅम हळूहळू चालवून बघायचा, मग पहिला नग सीएमएमवर पाठवून अहवालाची वाट पाहायची आणि दुरुस्ती करून पुन्हा नग काढायचा. पूर्वीच्या १२० सेटिंगचे मिळून ४८० तास होत होते, म्हणजे सरासरी चार तास आणि तासाचा दर ७५० रुपये. नव्या १०४ सेटिंगचे तास मात्र ५०४ झाले. संख्या १६ ने घटली आणि तास २४ ने वाढले. ओव्हरटाइमचं कारण तिथेच होतं.

आता नगावर काय परिणाम होतो ते पाहा. हाउसिंगची बॅच ५० नगांची. संख्येच्या हिशेबाने नगामागे सेटिंगचा खर्च ६० रुपये येत होता, वेळेच्या हिशेबाने तो २०२ रुपये ५० पैसे आला. ज्या हाउसिंगमध्ये नगामागे १०० रुपये नफा दिसत होता, तिथे प्रत्यक्षात साडेबेचाळीस रुपये तोटा होता. बुशची बॅच ५०० नगांची. तिथे ६ रुपयांऐवजी सव्वादोन रुपये खर्च निघाला. म्हणजे बुशमधला खरा नफा पावणेसहा रुपये होता आणि ग्राहकाने मागितलेली ३ रुपयांची सवलत देऊनही पावणेतीन रुपये हातात उरले असते. शिवाय संख्येची पद्धत तशीच चालू ठेवली असती, तर ओव्हरटाइम बाजूला ठेवूनही पुढच्या महिन्यात दर सेटिंगला साधारण ३,४६० रुपये पडले असते. उरलेले बुश आणखी महाग दिसले असते आणि आम्ही तेही घालवले असते.

या अनुभवानंतर ‘नेहमी वेळच मोजा’ या टोकाला मी गेलो नाही. कारखान्यात एकाच हाउसिंगची सेटिंग कधी अकरा तासांत होते, कधी सोळा. हा फरक त्रासदायक नाही. तो त्याच मालाच्या आत आहे आणि महिनाभरात त्याची सरासरी निघते. दिशाभूल करतो तो एका मालापासून दुसऱ्या मालापर्यंत कायम टिकणारा फरक. म्हणून आता मी एकच गुणोत्तर काढतो. त्या मालाच्या सेटिंगचा सरासरी वेळ भागिले सगळ्या सेटिंगचा सरासरी वेळ. बुशसाठी ते दीड भागिले चार, म्हणजे ०.३७५, फ्लँजसाठी ०.७५, हाउसिंगसाठी ३.३७५. संख्येची पद्धत या तिघांनाही १ धरते. गुणोत्तर सगळीकडे १ च्या आसपास असेल, तर संख्या मोजणं पुरेसं आहे. याच कारखान्यात गेटवर येणाऱ्या मालाची नोंद करायला कुठल्याही मालाला जवळपास तेवढाच वेळ लागत होता. तिथे आम्ही आजही संख्याच मोजतो.

रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी हा फरक फार पूर्वी मांडला होता. हार्वर्ड बिझनेस स्कूलने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जॉन डियर कंपोनंट वर्क्सच्या केसमध्ये एकाच कारखान्यात सेटिंगचा खर्च सेटिंगच्या तासांवर वाटला आहे आणि उत्पादन ऑर्डरींचा खर्च ऑर्डरींच्या संख्येवर. ती केस मी शिकवलीही होती, पण ‘एकाच ठिकाणी दोन वेगळे ड्रायव्हर का’ हा प्रश्न त्यात दडलेला आहे, हे मला भोसरीनंतर नीट कळलं.

माझं मत बदलायला आणखी एक कारण होतं. तिथल्या सेटर लोकांनी पुढे हाउसिंगच्या फिक्स्चरला लोकेटिंग पिना बसवल्या आणि टूल आधीच बाहेर मोजून ठेवायला सुरुवात केली. वेळ साडेतेरा तासांवरून नऊ तासांवर आला. संख्येच्या हिशेबात या सुधारणेचा मागमूसही दिसला नसता, कारण सेटिंग तेवढ्याच होत्या. त्या हिशेबात खर्च कमी दाखवायचा एकच मार्ग उरतो, बॅच मोठी करायची, आणि मग तयार माल गोदामात पडून राहतो. वेळेच्या हिशेबात साडेचार तास स्पष्ट दिसतात. अर्थात ते तास वाचले म्हणून पगार कमी होत नाहीत. ओव्हरटाइम घटला किंवा त्या तासांत दुसरं काम घेतलं, तरच पैसा वाचतो. रिकामे राहिलेले तास म्हणूनच मी कुठल्याही मालावर न टाकता वेगळे दाखवतो.

वेळेच्या पद्धतीलाही मर्यादा आहेत. ती प्रत्येक तासाला सारखी किंमत लावते. हाउसिंगच्या सेटिंगमध्ये प्रोग्रॅमर आणि सीएमएम अडकून पडतात. त्यांचा तास साध्या सेटरच्या तासापेक्षा महाग असतो, म्हणून आमचे २०२ रुपयेही थोडे कमीच असणार. तो फरक मोठा असेल, तर त्या कामावर प्रत्यक्ष लागलेली माणसं आणि साधनं थेट त्या मालावर धरावी लागतात. याला इंटेन्सिटी ड्रायव्हर म्हणतात. तो सर्वांत अचूक आणि सर्वांत महाग. मी तो मोजक्या मोठ्या कामांपुरताच वापरतो.

रोज वेळ नोंदवण्याला माझा विरोध मात्र अजून कायम आहे. त्याची गरजही पडत नाही. कॅप्लन आणि स्टीव्हन अँडरसन यांनी २००४ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या लेखात जी वाट दाखवली, ती लहान कारखान्यालाही परवडते. प्रत्येक प्रकारच्या सेटिंगला एक प्रमाणवेळ ठरवायची, संख्या संगणकातून घ्यायची आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. आमच्याकडे अशा तीनच प्रमाणवेळा आहेत. फिक्स्चर किंवा मशीन बदललं, की त्या पुन्हा मोजतो. महिनाअखेरीला प्रमाणवेळेने आलेले एकूण तास प्रत्यक्ष हजेरीच्या तासांशी ताडून पाहतो. त्यात मोठी तफावत आली, तर प्रमाणवेळ जुनी झाली असं समजतो.

सेटिंग, तपासणी किंवा पॅकिंगचा खर्च संख्येवर वाटणाऱ्या प्रत्येक कॉस्ट अकाउंटंटला आणि कारखानदाराला माझी एक विनंती आहे. पुढचं कोटेशन देण्याआधी तुमच्या सर्वांत सोप्या आणि सर्वांत किचकट मालाच्या चार-पाच सेटिंग घड्याळ लावून मोजा. दोन्हींत दुपटीहून जास्त फरक असेल आणि तो खर्च नफ्याच्या मानाने लहान नसेल, तर संख्येवर काढलेल्या किमतीने कुठलीही ऑर्डर घेऊ नका आणि नाकारूही नका.