“साहसकथा पाठवा” : पण कोणासाठी, केवढी आणि कशी?



तुम्हालाही असा निरोप कधी ना कधी आला असेल. वाचन कोपऱ्यासाठी गोष्ट हवी होती आणि निरोपात तीनच शब्द होते, “मुलांसाठी साहसकथा पाठवा.” मुलं कितवीची, गोष्ट केवढी, तात्पर्य हवं की नको, काहीच नाही. मी त्याच रात्री लिहायला बसले आणि पहिलं लिखाण साफ फसलं. ते का फसलं, तेच आज सांगते.

आमची शाळा चंद्रपूर जिल्ह्यात, मूल-सिंदेवाहीकडच्या जंगलपट्ट्यात. साहस म्हटल्यावर मला वाघच सुचला. एक मुलगा, त्याची बहीण, मामा, कुत्रा, वनरक्षक, माकड आणि वाघ. मुलगा काठी उगारतो, वाघ पळून जातो. शेवटी तात्पर्य : शूर व्हा. दुसऱ्या दिवशी दुसरी-तिसरीच्या वर्गात वाचून दाखवली. मुलं ऐकत होती. संपल्यावर मागच्या ओळीतली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आमच्या आजाच्या हातात बी काठी होती.”

तिचा आजा मोह वेचायला गेला होता, परत आला नाही. मला माहीत होतं, तरी लिहिताना आठवलं नाही. मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

मग आधी वय ठरवलं, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून. सात-आठ वर्षांचं मूल. पण ते स्वतः वाचणार की ऐकणार? माझ्या वर्गातली बरीच मुलं स्वतः वाचताना शंभर-सव्वाशे शब्दांत थकतात, जोडाक्षर आलं की अडतात. तीच मुलं ऐकताना याच्या तिप्पट-चौपट सहज पेलतात. मी ऐकायची गोष्ट ठरवली, चारशे शब्दांची. मुलांसाठी सावकाश वाचली की चार मिनिटं लागतात. माझी मैत्रीण गडचिरोलीत भामरागडकडे शिकवते. तिची मुलं घरी माडिया बोलतात. तिने हीच गोष्ट दोनशे शब्दांवर आणली आणि उरलेलं चित्रांवर सोपवलं. म्हणजे इयत्ता एक असली तरी लांबी एक नसते.

पात्रं किती, हे मुलांनीच ठरवलं. पहिली गोष्ट दुसऱ्या दिवशी त्यांना सांगायला लावली, तर मामा, कुत्रा आणि वनरक्षक कोणाच्याच तोंडी आले नाहीत. बहीणही गेली. न आठवणारं पात्र गोष्टीत नकोच. नव्या गोष्टीत तिघंच ठेवले : मुलगी, तिची आजी आणि झाडावरचं वानर. वाघ एकदाही दिसत नाही.

एप्रिलची पहाट. दोघी मोहाखाली वाकून फुलं वेचताहेत. टोपली अर्धी भरली. वरून वानर “खॉक! खॉक!” करतं. आजी सरळ उभी राहते आणि मुलीचा हात धरते. टोपली चार पावलांवर आहे. मुलीला ती उचलायची आहे, कारण त्या फुलांचे घरात पैसे येतात. ती टोपली तशीच सोडते. दोघी मोठ्याने बोलत, न पळता गावाकडे निघतात. माझं साहस ते चार पावलांचं. तात्पर्य म्हणून वेगळं वाक्य लिहिलंच नाही.

एक वाक्य मात्र चुकून राहिलं होतं. आजी म्हणते, “वानर गप्प असलं की भ्यायचं नाही.” मला ते छान वाटलं होतं. पालकसभेत वाचून दाखवलं, तर एक बाबा लगेच म्हणाले, “मॅडम, हे काढा. वाघ दबून बसला तर वानराले बी दिसत नाही.” खरंच होतं. वानर ओरडलं तर थांबायचं, एवढंच बरोबर. ओरडलं नाही म्हणजे वाघ नाही, हे खोटं, आणि जंगलात जाणाऱ्या मुलाच्या डोक्यात असं खोटं बसवणं महागात पडेल. वाक्य काढलं. तेव्हापासून जंगलाची कोणतीही गोष्ट आधी मोह-तेंदूला जाणाऱ्या पालकांना ऐकवते, मग वर्गात नेते.

शेवट माझ्याकडून असा होता : दुसऱ्या दिवशी गावातले पाच-सहा जण मिळून जातात, टोपलीजवळ वाघाचा पाऊलठसा दिसतो. त्या मुलीसमोर हा ठसा आणावा की नाही, याचा मी फार विचार केला. तिच्या आईला आधी विचारलं. आई म्हणाली, “वाचा. तिले माहीत आहे.”

वाचली. ती गप्प बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगायची पाळी आली तेव्हा तिनेच हात वर केला. आजीपासून टोपलीपर्यंत सगळं बरोबर सांगितलं, फक्त शेवट बदलला. “सकारी गेले तं टोपली रिकामी. वाघ मोहफूल खाते का? अस्वलानं खाल्लं असन!”

अस्वलाला मोहफुलं आवडतात, हे तिला माझ्याआधी माहीत. वर्ग हसला. मी पाऊलठसा खोडून तिचा शेवट लिहिला आणि गोष्ट पाठवून दिली.