‘येस’ म्हणजे नक्की काय?

सांगलीत मी संध्याकाळी सात ते साडेआठ इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेते. येणारी मुलं अगदी नवशिकी नसतात. त्यांना इंग्रजी वाचता येतं, सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देता येतं, चुकत का होईना पण स्वतःबद्दल दोन मिनिटं बोलता येतं. शिकवणाऱ्यांच्या भाषेत ही ‘इंटरमीजिएट’ मंडळी. गेल्या वर्षी त्यातल्या चौघांना पुण्याला कॉल सेंटरच्या मुलाखतीला जायचं होतं. ‘मॅडम, मुलाखतीचा एक संवाद लिहून द्या, आम्ही पाठ करतो,’ म्हणाली.

मी तासाभरात लिहून दिला. वीस-बावीस वाक्यं, सगळी व्याकरणशुद्ध. ‘टेल मी समथिंग अबाउट युअरसेल्फ’पासून ‘थँक यू फॉर युअर टाइम’पर्यंत. दुसऱ्या दिवशी बीकॉम झालेली एक मुलगी उमेदवार झाली आणि मी मुलाखत घेणारी. तिनं पाढे म्हणावेत तसं सुरू केलं. चौथ्या वाक्याला मी सहज मधेच विचारलं, ‘सॉरी, विच कॉलेज?’ ती थांबली. वर पंख्याकडे बघितलं. आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, ‘गुड इव्हिनिंग मॅम…’

वर्ग हसला, तीही हसली. मला मात्र माझी स्वतःची मुलाखत आठवली.

साल 2006. बीए होऊन मी पुण्यात मावशीकडे राहत होते आणि पेपरातली वॉक-इनची जाहिरात बघून गेले होते. कंपनीचं नाव राहू द्या. आधी एका मुलीनं फॉर्म भरून घेतले, मग एक उतारा मोठ्यानं वाचायला लावला. त्यानंतर ‘जॅम’, म्हणजे ‘जस्ट अ मिनिट’, दिलेल्या विषयावर एक मिनिट न थांबता बोलायचं. मला ‘माय होमटाउन’ आला. दहावीचा निबंध कामी आला आणि मी हवेत गेले.

शेवटी एचआरच्या बाई समोर बसल्या. माझ्या फॉर्मवर नजर फिरवत त्यांनी विचारलं, ‘सो यू डोन्ट हॅव एनी प्रॉब्लेम विथ नाइट शिफ्ट्स?’

मी ठामपणे म्हटलं, ‘येस.’

त्यांनी वर बघितलं. ‘यू डू हॅव अ प्रॉब्लेम?’

‘नो, नो. येस, नो प्रॉब्लेम.’

‘सो… यू कॅन वर्क नाइट्स?’

‘येस मॅम, आय कान्ट… आय कॅन.’

‘वी विल गेट बॅक टू यू,’ असं म्हणून त्यांनी मला उठवलं. त्या वाक्याचा अर्थ मला घरी पोहोचल्यावर मावशीच्या मुलानं सांगितला.

दोष शब्दसंग्रहाचा नव्हता. माझं डोकं मराठीत उत्तर देत होतं. मराठीत कुणी विचारलं, ‘तुला काही अडचण नाही ना?’ तर आपण बिनधास्त म्हणतो, ‘हो.’ म्हणजे तुम्ही म्हणता ते बरोबर, अडचण नाही. आपला ‘हो’ समोरच्याच्या म्हणण्याला होकार देतो. इंग्रजीतला ‘येस’ मात्र त्या गोष्टीला होकार देतो, प्रश्न कसाही विचारलेला असो. अडचण नसेल तर ‘नो’, असेल तर ‘येस’. प्रश्न नकारार्थी आला की दोन भाषा एकमेकींना पाठ दाखवून उभ्या राहतात. कॉल सेंटरमध्ये ही गंमत राहत नाही. समोरचा ग्राहक विचारतो, ‘सो माय ऑर्डर हॅजन्ट शिप्ड?’ आणि तुम्ही ‘येस’ म्हटलं, तर तो पार्सलची वाट बघत बसतो.

दुसऱ्या एका कंपनीत तीन महिन्यांनी मला नोकरी लागली. फोनवर चार वर्षं काढली. तेव्हा जे उपयोगी पडलं, त्यातलं मी माझ्या मुलांना लिहून दिलेल्या संवादात काहीच नव्हतं. माझ्या संवादातले दोघं एकमेकांचं बोलणं नीट ऐकत होते, कुणी कुणाला तोडत नव्हतं, कुणाला काही ऐकू आलं नाही असं होत नव्हतं. असा फोन मी चार वर्षांत एकही घेतला नाही.

तेव्हा संवाद फाडला आणि नव्यानं लिहिला. यावेळी उमेदवाराची वाक्यं लिहिलीच नाहीत. मुलाखतकाराची तेवढी लिहिली आणि प्रत्येक वाक्यात एक खडा टाकला.

पहिला खडा नकारार्थी प्रश्नाचा. ‘सो यू हॅवन्ट वर्क्ड एनीव्हेअर बिफोर?’ यावर नुसतं ‘येस’ किंवा ‘नो’ म्हणायला बंदी. पूर्ण वाक्य बोलायचं: ‘नो, आय हॅवन्ट. धिस विल बी माय फर्स्ट जॉब.’ पूर्ण वाक्यात चूक झाली तरी अर्थ पोहोचतो, नुसत्या ‘येस’मध्ये पोहोचत नाही. आठवडाभर मी मुलांना दारातच विचारत होते, ‘यू डिडन्ट कम बाय बस टुडे?’ बिचारी चपला काढता काढता विचार करायची.

दुसरा खडा काळाचा. ‘हाउ लाँग हॅव यू बीन लिव्हिंग इन सांगली?’ यावर हमखास उत्तर येतं, ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.’ ‘मी पाच वर्षांपासून इथे राहतो’ हे आपलं वाक्य वर्तमानकाळातच आहे, त्यामुळे इंग्रजीतही वर्तमानकाळच बाहेर पडतो. या चुकीनं नोकरी जात नाही, खरं सांगायचं तर. पण ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ हे एकदा जिभेवर बसलं की ‘आय ॲम हॅविंग’ही आपोआप कमी होतं, म्हणून ठेवला.

तिसरा खडा रात्रपाळीचा, कारण तो प्रश्न येतोच, मुलींना तर नक्कीच. ‘ॲज पर कंपनी रूल्स’ छापाचं उत्तर मी खोडायला लावलं. रात्र म्हणजे किती वाजता, हे माहीत असलं तर उत्तर खरं वाटतं. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा असतात आणि हिवाळ्यात साडेसात, कारण त्यांची घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात, आपली नाही. एका मुलानं हे ऐकून वहीत लिहिलं आणि उलटा प्रश्न तयार केला: ‘डझ माय शिफ्ट चेंज इन नोव्हेंबर?’ आधीच्या अर्ध्या संवादापेक्षा हा एक प्रश्न मला जास्त आवडला.

सगळ्यात जास्त वेळ मात्र आम्ही मॉक कॉलवर घालवला. बऱ्याच ठिकाणी मुलाखतकार मधेच म्हणतो, ‘नाउ आय ॲम द कस्टमर,’ आणि चिडून बोलायला लागतो. मी दोन चिठ्ठ्या केल्या. ग्राहकाच्या चिठ्ठीवर लिहिलं: तू एकच मिक्सर मागवलास, कार्डावर 49 डॉलर 99 सेंट दोनदा दिसतात, तू घाईत आहेस, मधेमधे तोड. उमेदवाराच्या चिठ्ठीवर: ऑर्डर एकच आहे, एक रक्कम जमा झाली, दुसरी ‘पेंडिंग’ दिसते. दोघांनी एकमेकांची चिठ्ठी बघायची नाही. त्यामुळे विचारल्याशिवाय काही कळत नाही, आणि पाठ करायला काही उरत नाही.

पहिल्या फेरीत त्या बीकॉमच्या मुलीनं काय केलं? ग्राहक ओरडला, ‘यू चार्ज्ड मी ट्वाइस!’ ती म्हणाली, ‘सॉरी सर, आय विल रिफंड यू इमिजिएटली.’ वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी खेळ थांबवला. न तपासता पैसे परत द्यायचं कबूल केलं, तेही जे अजून घेतलेच नाहीत! पेंडिंग रक्कम म्हणजे बहुतेक वेळा बँकेनं अडवून ठेवलेले पैसे. व्यवहार पुढे सरकला नाही तर काही दिवसांत बँक ते आपसूक मोकळे करते. रिफंड कबूल केला तर ग्राहक उद्या पुन्हा फोन करणार आणि आज नव्हता इतका चिडलेला असणार.

दुसऱ्या फेरीत ती गप्प झाली. सात-आठ सेकंद चिठ्ठीकडे बघत राहिली. समोरासमोर हे चालतं, आपण मान डोलावतो, चेहऱ्यावरून कळतं की विचार चालू आहे. फोनवर मान दिसत नाही. आमच्या फ्लोअरवर याला ‘डेड एअर’ म्हणायचे आणि क्वालिटीवाले त्याचे गुण कापायचे. त्यामुळे मी तिला तीनच वाक्यं दिली, पाठ करायला म्हणून दिलेली एवढीच: ‘लेट मी चेक दॅट फॉर यू.’ ‘मे आय पुट यू ऑन होल्ड फॉर टू मिनिट्स?’ आणि ‘सो यू सी टू चार्जेस, बट यू प्लेस्ड वन ऑर्डर. इज दॅट राइट?’ शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. ग्राहकाचं म्हणणं त्यालाच परत सांगितलं की तो ‘येस’ म्हणतो आणि त्याचा आवाज अर्ध्यावर येतो. आणि आपल्याला पुढचं इंग्रजी जुळवायला श्वास मिळतो.

तिसऱ्या फेरीत ग्राहकानं आडनाव सांगितलं, ‘क्षीरसागर’, कारण खेळणाऱ्याचं आडनाव खरंच तेच होतं. तिनं विचारलं, ‘कुड यू स्पेल दॅट, प्लीज?’ आणि गाडी ‘एस’वर अडली, एस की एफ? शेवटी दोघांनी मिळून ‘के फॉर काइट, एस फॉर शुगर’ केलं. मी म्हटलं, शुगर नको रे, त्यात ‘श’ ऐकू येतो, ‘सॅम’ घे. उच्चारांवर मी एवढंच बोलते. आपण ‘व्हेरी’ आणि ‘वेल’मधला व एकच काढतो, ‘शिप’ आणि ‘शीप’ सारखेच म्हणतो, हे खरं. पण अमेरिकन आवाज काढायला गेलेली मुलं जास्त फसतात. सावकाश बोललं की निम्मं काम होतं.

चौघं पुण्याला गेली. बीकॉमच्या मुलीचा रात्री आठला फोन आला, स्वारगेटवरून, मागे कंडक्टर ओरडत होता. एचआरनं नकारार्थी प्रश्न विचारलाच, म्हणाली, आणि तिनं पूर्ण वाक्यात उत्तर दिलं. मॉक कॉलला हरवलेलं पार्सल होतं. होल्डची परवानगी मागितली, पण परत यायला उशीर झाला बहुतेक.

मी विचारलं, ‘निकाल नाही लागला ना अजून?’

‘हो,’ ती म्हणाली.

मग दोन सेकंद डेड एअर. आणि मग ती हसत सुटली, ‘म्हणजे नाही, मॅडम. नाही लागला.’