उक्कूचे पाणी आणि बळ

२००६ साली ‘नेचर’मध्ये एक छोटा शोधनिबंध आला. ड्रेस्डेनच्या पीटर पाउफ्लर यांच्या गटाला सतराव्या शतकातील एका दमास्कस तलवारीच्या पोलादात कार्बनच्या नॅनोनलिका आढळल्या होत्या. प्राचीन भारतीय कारागिरांकडे नॅनोतंत्रज्ञान होते, असा त्याचा अर्थ आजही लावला जातो. मात्र तलवार अधिक बळकट होती की नाही, याचे उत्तर या नलिकांतून मिळत नाही.

ही पाती दक्षिण भारतातील उक्कूच्या, म्हणजे वूट्झच्या वड्यांपासून घडवली जात. बंद मुशीत लोखंड आणि वनस्पतिजन्य कार्बन वितळवून केलेल्या या वडीत सुमारे दीड टक्का कार्बन असे. वडी सावकाश गोठताना लोखंडाचे स्फटिक झाडाच्या फांद्यांसारखे वाढतात आणि व्हॅनेडियमसारखी अत्यल्प अशुद्धी फांद्यांमधल्या जागेत ढकलली जाते. घणाखाली या जागा चपट्या होऊन त्यांचे पातळ थर बनतात. प्रत्येक तापवणीत सिमेंटाइटचे, म्हणजे लोह-कार्बाइडचे, बरेच कण विरघळतात. व्हॅनेडियमजवळचे टिकतात आणि थंड होताना तेच मोठे होतात. अनेक फेऱ्यांनंतर कणांच्या रांगा तयार होतात. आम्लाने पृष्ठभाग कोरला की त्या काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या उमटतात. हेच पात्याचे ‘पाणी’.

जॉन व्हर्होवेन आणि लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी हे प्रयोगाने पडताळले. पाते थोडाच वेळ खूप तापवले तर नक्षी नाहीशी होते, पण पुन्हा मध्यम तापमानाच्या फेऱ्या दिल्या की परत येते. तेच पाते १२०० अंशांवर अनेक तास ठेवले, तर व्हॅनेडियम सर्वत्र पसरते आणि नक्षी कायमची जाते. म्हणजे नक्षीची आठवण कार्बाइडात नसून अशुद्धीत असते. चार-हजारांश टक्के एवढे व्हॅनेडियमही त्यासाठी पुरते!

थर जोडून घडवलेल्या पात्यांची नक्षी निराळी. तिथे लोखंड आणि पोलाद एकमेकांवर ठेवून तापवून ठोकलेले असतात. कार्बन मात्र स्वस्थ बसत नाही: १००० अंशांच्या आसपास दहा मिनिटांत तो अंदाजे मिलिमीटरचा दशांश सरकतो. म्हणून अतिपातळ थरांतील कार्बनाचा फरक मिटतो आणि नक्षी मुख्यतः फॉस्फरससारख्या संथ मूलद्रव्यांवर टिकते. सूक्ष्मदर्शकात सांध्यांवर मळीचे ठिपके दिसले, तर पाते जोडकामाचे, हे ओळखता येते. उक्कूत गोल कणांच्या रांगा दिसतात.

आता बळाचे. अभ्यासलेल्या बऱ्याच उक्कू पात्यांत कणांभोवतीचे पोलाद पर्लाइट स्वरूपाचे आढळते. म्हणजे ते पाण्यात विझवून पुरते कठीण केलेले नव्हते. कण स्वतः फार कठीण, त्यामुळे धार खरखरीत आणि चांगली टिकाऊ. पण एवढा कार्बन पात्याला ठिसूळपणाकडेही नेतो. आजच्या योग्य रीतीने कठीण केलेल्या पोलादाशी ते बरोबरी करत नाही. मळीने भरलेल्या, कुठे मऊ कुठे कडक अशा समकालीन भट्टी-लोखंडापुढे मात्र मुशीत वितळलेले, मळीरहित पोलाद निश्चितच सरस होते, आणि तो गुण पृष्ठभागावर नक्षी उमटली नसती तरीही तेवढाच राहिला असता.