दोन मिनिटांची झोप

माझ्या लेकीच्या जन्मानंतरच्या पाचव्या दिवसापर्यंत आमच्या बंगळुरूच्या घरात तिच्या झोपेचे केवळ कौतुक होत होते. अंगाला लावले की दोन मिनिटांत तिचे डोळे मिटत. माझी आई म्हणे, "गुणाची पोर आहे रे. तू तर रात्र रात्र जागवलंस मला." मोजमाप हा माझा व्यवसाय; प्रयोगशाळेत दिवसभर मी तेच करतो. म्हणून घरीही मी एक वही घातली होती. तीत 'किती मिनिटांत झोपली' असा एक स्तंभ होता आणि त्यात ओळीने दोन, दोन, तीन, दोन असे आकडे उतरत होते. ते पाहून मला समाधान वाटत होते, हे आज लिहिताना संकोच वाटतो.

पाचव्या दिवशी ठरल्याप्रमाणे तपासणीला गेलो. बालरोगतज्ज्ञ बाईंनी झोपेविषयी काहीच विचारले नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "काल दिवसभरात ओले लंगोट किती झाले?" माझ्या वहीत तो स्तंभच नव्हता. पत्नीने आठवून सांगितले, दोन किंवा तीन. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा अपेक्षित असतात. जन्मवेळी २.८ किलो असलेले वजन २.५ किलोवर आले होते, म्हणजे दहा टक्क्यांहून अधिक घट. बाळाचा जन्म सदतिसाव्या आठवड्यातला. रक्तातले बिलिरुबिन १९ मिलिग्रॅम निघाले आणि त्याच संध्याकाळी तिला निळ्या प्रकाशाखाली ठेवावे लागले.

ती लवकर झोपत नव्हती. ती दूध ओढता ओढता थकून गळत होती. यातले चक्र समजून घेण्यासारखे आहे. दूध पोटात कमी गेले की शी कमी होते. शीवाटे बाहेर जायला हवे असलेले बिलिरुबिन आतड्यातून पुन्हा रक्तात शोषले जाते. कावीळ वाढली की बाळ अधिक सुस्त होते, आणि सुस्त बाळ आणखी कमी पिते. बिलिरुबिन फार वाढले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आमच्या बाबतीत दोन दिवसांच्या प्रकाशोपचारावर आणि दर दोन तासांनी उठवून पाजण्यावर भागले.

तरीही 'दोन मिनिटे' हा आकडा स्वतःहून वाईट नाही, हेही सांगायला हवे. निरोगी नवजात बाळही स्तनपान करताना पटकन झोपी जाते. चोखण्याची क्रियाच त्याला गुंगी आणते. फरक कळतो तो झोपेच्या अलीकडे आणि पलीकडे. निरोगी बाळ झोपण्यापूर्वी जोमाने ओढते, गिळण्याचा आवाज ऐकू येतो. ते जागे झाले की खणखणीत रडते. आमची लेक जागी करावी लागत होती, आणि उठली तरी तिचा आवाज क्षीण होता. देशभरात आशा कार्यकर्त्या नवजात बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, तेव्हा वजन, तापमान आणि दूध पिणे पाहतात. किती मिनिटांत झोपते, हा प्रश्न तिथे गौण असतो. या कार्यक्रमामागे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी केलेले काम आहे. गावातल्या प्रशिक्षित स्त्रीला सुस्तपणा, क्षीण रडणे, दूध कमी होणे ही लक्षणे ओळखता येतात, हे त्यातून दिसून आले.

पहिल्या तीन महिन्यांत हा अवधी मोजणे तसेही फसवे असते. मोठ्या माणसाची झोप शांत टप्प्याने सुरू होते; नवजात बाळाची बहुधा चळवळ्या झोपेने. तीत पापण्यांखाली बुबुळे फिरतात, ओठ हलतात, हातपाय झटकले जातात, मधूनच कुरकुर होते. पाहणाऱ्याला वाटते बाळ अजून जागेच आहे. प्रत्यक्षात ते दहा मिनिटांपूर्वीच झोपलेले असते. ही झोप उथळही असते, त्यामुळे खाली ठेवताच डोळे उघडतात. साधारण तिसऱ्या महिन्यानंतर शांत झोपेने सुरुवात होऊ लागते. रात्र आणि दिवस यांचे भानही त्याच सुमारास आकार घेते. म्हणून माझ्या मते झोप लागण्याच्या मिनिटांना अर्थ येतो तो त्यानंतरच.

मग 'योग्य' अवधी किती? पालकांमध्ये फिरणाऱ्या तक्त्यांत पाच मिनिटांच्या आत म्हणजे अतिथकवा, पाच ते वीस म्हणजे उत्तम आणि त्यापुढे म्हणजे अजून झोपेची वेळ झालेली नाही, असे ठोकताळे असतात. मला या आकड्यांत प्रौढांच्या एका चाचणीची सावली दिसते. १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात मेरी कार्सकॅडन आणि विल्यम डिमेंट यांनी ती विकसित केली. माणसाला दिवसा दर दोन तासांनी अंधाऱ्या खोलीत झोपायला सांगायचे आणि मेंदूच्या लहरींवरून झोप लागण्याचा क्षण टिपायचा. सरासरी पाच मिनिटांच्या आत झोप लागली तर तीव्र झोपाळूपणा, दहाच्या पुढे गेली तर बहुधा ठीक. ही चाचणी निर्विकार पलंगावर, एकट्या प्रौढाची होते. आपले बाळ मात्र खांद्यावर, झुलत्या पाळण्यात किंवा दूध पिता पिता झोपते. तेव्हा घड्याळ बाळाची झोप मोजते तसे पाळण्यालाही मोजते. खांद्यावर दोन आणि अंथरुणावर वीस मिनिटे लागणारे बाळ दोन्ही वेळा सारखेच दमलेले असू शकते.

अमेरिकेच्या नॅशनल स्लीप फाउंडेशनच्या तज्ज्ञगटाने २०१७ साली दिलेले मार्गदर्शन अधिक सैल आहे: तीस मिनिटांपर्यंत झोप लागणे हे चांगल्या झोपेचे लक्षण मानावे. खाली पाच मिनिटांची रेषा त्यात नाही. ते मला प्रामाणिक वाटते.

तरीही एकाच बाळाचे, एकाच जागी, एकाच पद्धतीने घेतलेले आकडे उपयोगी पडतात, हे मला लेक आठ महिन्यांची झाली तेव्हा पटले. तोवर वही सुधारली होती. आता तीत चार स्तंभ होते: मागच्या झोपेतून कधी उठली, अंथरुणावर कधी ठेवली, श्वास संथ होऊन मूठ सैल कधी पडली आणि पुढे किती वेळ झोपली.

त्या दिवसांत रात्रीची झोप म्हणजे संग्राम होता. ती दिवसातून तीनदा झोपे. शेवटची डुलकी पावणेसहाला संपे आणि साडेसातला आम्ही दिवा मालवत असू. मग पन्नास-पंचावन्न मिनिटे लोळणे, उभे राहणे, खेळणे, शेवटी रडणे. सहा दिवस ओळीने हेच. माझ्या आईचे म्हणणे दात येत असावेत. शेजारच्या काकूंना दृष्टीची शंका होती. वहीचे म्हणणे साधे होते: पावणेदोन तासांची जाग पुरेशी नव्हती. जागेपणी मेंदूत अडेनोसिन साठत जाते आणि झोपेचा दाब वाढतो; संध्याकाळच्या डुलकीने तो उतरवून टाकला होता.

आम्ही तिसरी डुलकी बंद केली. दुपारची झोप थोडी पुढे सरकून साडेतीनला संपू लागली. साडेसातला अंथरुणावर ठेवले आणि ती तीन मिनिटांत झोपली. मी आनंदाने आईला हाक मारली. चाळीस मिनिटांनी ती किंचाळत उठली आणि अर्धा तास शांत होईना. दुसऱ्या रात्रीही तेच: तीन मिनिटे, मग चाळीस मिनिटांनी जाग. चार तासांची जाग तिला झेपत नव्हती. तिसऱ्या दिवशी दिवा सातलाच मालवला. त्या रात्री चौदा मिनिटे लागली, पुढच्या रात्री अकरा, मग सोळा; आणि मध्यरात्रीपर्यंतची जाग थांबली.

अतिथकलेले बाळ का उठते, याचे उत्तर म्हणून कॉर्टिसॉल नावाच्या संप्रेरकाची कथा फार ठामपणे सांगितली जाते. घरी वापरण्याइतका पुरावा मला तीत दिसत नाही. मी एवढेच पाहतो की तीन मिनिटांचा आकडा एकटा काही सांगत नव्हता. त्याच्यापुढे लिहिलेल्या 'चाळीस मिनिटांनी जाग' या नोंदीने तो बोलका केला. एखादे बाळ तीन मिनिटांत झोपत असेल, रात्र शांत जात असेल, सकाळी हसत उठत असेल आणि चोवीस तासांत या वयाला सांगितलेली बारा ते सोळा तासांची झोप होत असेल, तर त्याच्या मागे लागू नये.

दुसऱ्यांचे वेळापत्रक उचलण्यातही धोका आहे. २०१० साली सतरा देश-प्रदेशांतील सुमारे एकोणतीस हजार बाळांच्या झोपेची माहिती प्रसिद्ध झाली, त्यात भारतही होता. न्यूझीलंडची बाळे सरासरी साडेसातला झोपत आणि हाँगकाँगची दहानंतर. आपल्याकडे आई-वडील कामावरून आठला घरी येतात, तेव्हा घर जागे होते. त्या घरात सातला दिवा मालवून बाळ तासभर जागे राहिले, तर दोष बाळाचा नसतो.

मात्र वेळा सारख्या करूनही दोन-तीन आठवडे झोप पाऊण तासाच्या आत येत नसेल, तर शरीराकडे पाहावे. आडवे केल्यावरच रडते आणि उभे धरल्यावर थांबते, तर कान दुखत असेल किंवा दूध वर येत असेल. नाक चोंदलेले असते. गुडघ्याच्या खळगीत इसब खाजते. आणखी एक कारण भारतात विशेष लक्षात ठेवावे, ते लोहाची कमतरता. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा ते एकोणसाठ महिन्यांच्या मुलांपैकी ६७ टक्के रक्तक्षयी आढळली. लोह कमी असलेल्या मुलांची झोप अस्वस्थ असते, पाय सारखे हलतात, घासले जातात. झोपेच्या तक्रारीसाठी नेलेल्या मुलाचे रक्त तपासायला सांगितले, तर चकित होऊ नये.

वही अजून माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर त्या पाच दिवसांचे दोन, दोन, तीन, दोन तसेच आहेत. बाजूच्या समासात, दवाखान्यातून परत आल्या रात्री, पत्नीने पेन्सिलने एक नवा स्तंभ आखला होता: 'लंगोट'. त्यातली पहिली नोंद सात अशी आहे.